दिलेल्या नल स्पेस आणि कॉलम स्पेसवरून मॅट्रिक्स बनवताना या चुका टाळा

समजा प्रश्न असा आहे: कॉलम स्पेस u = (1, 2, 0) आणि v = (0, 1, 1) यांनी बनलेली, नल स्पेस (3, 2, 1) ने बनलेली; मॅट्रिक्स लिहा.

बहुतेक मुलं थेट आकडे भरायला घेतात. आधी मोजा. कॉलम स्पेसच्या व्हेक्टरमध्ये जितके घटक तितक्या रो, नल स्पेसच्या व्हेक्टरमध्ये जितके घटक तितके कॉलम. दोन्ही स्पेसच्या डायमेन्शनची बेरीज कॉलमच्या संख्येइतकी यायलाच हवी. इथे 2 + 1 = 3, म्हणजे जुळतं. जुळलं नाही तर असा मॅट्रिक्स नसतोच, आणि तेच उत्तर लिहायचं.

आता क्लासमधला लाडका शॉर्टकट: पहिले दोन कॉलम u आणि v, तिसरा −3u − 2v = (−3, −8, −2). इथे तो बरोबर चालतो, आणि तिथेच घात होतो. एका परीक्षेत नल स्पेस (1, −2, 0) दिली होती, u आणि v हेच. गठ्ठ्यातल्या पेपरमागून पेपरात तेच: पहिले दोन कॉलम u, v, मग u − 2v = 0 हवं, ते शक्य नाही, म्हणून "असा मॅट्रिक्स अस्तित्वात नाही". एकानेही u, v वेगळ्या जागी ठेवून पाहिले नाहीत. शेवटचा घटक शून्य असला की तिसरा कॉलम समीकरणातून गळतो. पहिले दोन कॉलमच एकमेकांच्या पटीत असावे लागतात. पाठ केलेली युक्ती हे सांगत नाही.

मी कायम गुणाकार करूनच मॅट्रिक्स बनवतो, वेळ थोडा जास्त लागला तरी. नल स्पेसला लंब असलेले स्वतंत्र व्हेक्टर काढायचे. (1, −2, 0) साठी ते (2, 1, 0) आणि (0, 0, 1). हे R च्या रो. u, v हे C चे कॉलम. A = CR:

```
[1 0]               [2 1 0]
[2 1] * [2 1 0]  =  [4 2 1]
[0 1]   [0 0 1]     [0 0 1]
```

कॉलम 2u, u, v असे आले. मोजणी जुळली असेल तर ही रीत कधीच अडत नाही.

नल स्पेसचा व्हेक्टर मॅट्रिक्सची रो म्हणून लिहू नका. रो त्याला लंब असतात.

मॅट्रिक्स तयार झाल्यावर रो ऑपरेशन करून तो "सुटसुटीत" करू नका. नल स्पेस तीच राहते, पण कॉलम स्पेस सहसा बदलते.

पडताळणी अर्धवट नको. नल स्पेसच्या व्हेक्टरने गुणून शून्य आलं, एवढ्यावर पेपर बंद करणारे फार दिसतात. शून्य मॅट्रिक्ससुद्धा ही परीक्षा पास होतो! प्रत्येक कॉलम u, v पासून बनतो का आणि रँक खरोखर 2 आहे का, हेही बघा. वरच्या A मध्ये दुसरा आणि तिसरा कॉलम स्वतंत्र आहेत, एवढं लिहिलं की पुरतं.