एक शून्य जास्त पडलं तेव्हा

इलेक्ट्रिशियनला १,२०० पाठवायचे होते. हिरवी खूण उमटली आणि खाली दिसले १२,०००. पोटात गोळाच आला. लगेच बँकेला फोन केला. व्यवहार प्रलंबित असता तर कदाचित थांबवता आला असता, पण पैसे जमा झाले होते. आता इलेक्ट्रिशियनच्या संमतीशिवाय बँक ते परस्पर काढून घेणार नव्हती. व्यवहार क्रमांक देऊन तक्रार तेवढी नोंदवली.

मग त्यांनाच फोन लावला. “दादा, एक शून्य जास्त पडलं हो!” त्यांनी माझ्या स्क्रीनशॉटवर न विसंबता आधी स्वतःचं खातं पाहिलं (बरंच केलं, असं सांगून फसवणारेही असतात) आणि ज्या खात्यातून आले त्यातच १०,८०० परत पाठवले. तक्रार मी त्याच दिवशी मागे घेतली, उगाच त्यांच्यामागे पुन्हा तगादा नको.