वाकडी रेघ सरळ झाली ती झाकणामुळे

पोरीच्या प्रयोगासाठी स्टीलच्या पेल्यात गरम पाणी घेऊन दर दोन मिनिटांनी तापमान टिपत होतो. खोली 27 अंशांवर. न्यूटनचा नियम म्हणतो की पाणी निवण्याचा वेग पाणी आणि खोलीच्या तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात असतो. म्हणून पाण्याचं तापमान T धरून ln(T − 27) विरुद्ध वेळ असा आलेख काढला की सरळ रेघ यायला हवी, आणि तिचा उतार, उणे चिन्ह सोडून, म्हणजे शीतन स्थिरांक k. पण रेघ आधी तीव्र, मग मंद होत वाकायची.

आधी रंकाळ्याकडची खिडकी आणि पंखा बंद केला. उतार कमी झाला, पण बाक राहिलाच. म्हणजे वाऱ्याने k वाढतो एवढंच. बाकाचं मूळ वाफ. ऐंशी अंशांच्या उघड्या पाण्यातून बाष्पीभवनाने भरपूर उष्णता जाते, पाणी निवेल तसा हा वाटा झपाट्याने घटतो. न्यूटनच्या नियमात तो बसत नाही.

पेल्यावर घट्ट झाकण, मधल्या भोकातून थर्मामीटर. आता 70 वरून 59 अंशांवर यायला 20 मिनिटं लागली:

k = ln(43/32)/20 ≈ 0.0148 प्रति मिनिट

मधले बिंदूही याच रेघेवर बसले. जाड चिनी मातीचा मग घेतलात तर पहिली काही मिनिटं सोडा. तेवढ्यात ते भांडंच तापत असतं. पाणी निम्मं केलंत तर k पुन्हा मोजा, तो पाणी-भांडं जोडीचा असतो.