जुना फ्लॅट भाड्यानं देताय? एमसीबीचा आकडा आणि वायरची जाडी जुळतेय का ते आधी बघा

सांगलीत विश्रामबागेत आमचा एक १९९४ सालचा फ्लॅट आहे, वन बीएचके. मागच्या वर्षी नवीन भाडेकरू यायच्या आधी रंग काढताना बाथरूमबाहेरचा पॉवर प्लग पिवळा पडलेला दिसला आणि जवळ गेलं की जळकट वास. तिथून शोध घेत गेलो तेव्हा जे सापडलं ते बऱ्याच जुन्या घरांत असणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप खाली पडून लाइन बंद करणारा स्विच, आणि घरातले सगळे एमसीबी ज्या बॉक्समध्ये असतात तो डीबी. सगळ्यात आधी डीबी बॉक्सचं झाकण नुसतं वर करून प्रत्येक एमसीबीवरचा आकडा वाचा आणि फोटो काढून ठेवा. सी६, सी१०, सी१६ असं छापलेलं असतं, तो आकडा म्हणजे अँपिअर. आतली प्लेट मात्र खोलायची नाही, कारण मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी वायर मेनच्या वरच्या टोकापर्यंत चालूच असते, हे खूप जणांना माहीतच नसतं.

आमच्याकडे गिझरच्या लाइनवर सी३२ होता. नंतर कळलं की आधीच्या भाडेकरूंचा एमसीबी सकाळी सकाळी सारखा पडायचा, म्हणून कुणीतरी १६ चा काढून ३२ चा बसवून दिला आणि तक्रार बंद झाली. पण एमसीबी असतो तो मुळात भिंतीतल्या वायरला वाचवायला. वायर जेवढा करंट सोसते त्याच्या आतच त्यानं पडलं पाहिजे.

आता दुसरं काम, कागद-पेन घेऊन एकेका लाइनवर काय काय चालतं ते लिहा. आमची गिझरची लाइन पुढं किचनच्या प्लगलाही गेली होती, म्हणजे गिझर २००० वॅट, इंडक्शन २००० आणि मिक्सर ७५०, एकूण ४७५०, त्याला २३० नं भागलं की साधारण २०.७ अँपिअर. सकाळी आंघोळ, चहा आणि चटणी एकाच वेळी चालणारच की! आणि वायर निघाली दीड एमएमची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांबं, पाइपातून गेलेली असली की तिला १४-१५ अँपिअरच्या पुढं नेऊ नये. ३२ चा एमसीबी २०.७ ला कधीच पडणार नाही, वायर मात्र रोज तापणार, वरचं प्लास्टिक कडक होऊन तडकणार, आणि हे सगळं भिंतीच्या आत.

तिसरं म्हणजे चालवून बघा. गिझरमध्ये पाणी भरलंय याची खात्री करून तो लावा, इंडक्शनवर पाण्याचं पातेलं ठेवा, अर्धा तास चालू दे. मग कोरड्या हातानं, हाताच्या मागच्या बाजूनं प्लगची प्लेट आणि बोर्ड चाचपा. किंचित कोमट चालतं, पण हात ठेववत नसेल, वास येत असेल, चुरचुर आवाज असेल किंवा दुसऱ्या खोलीतला दिवा मंद होत असेल तर तिथंच बंद करा आणि परत लावू नका.

डीबीत आरसीसीबी, म्हणजे थोडासा करंट गळायला लागला तरी लाइन तोडणारा स्विच, असेल तर त्याचं टेस्टचं बटन दाबा, लगेच पडला पाहिजे. नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या, कारण गिझरच्या नळाला शॉक आला तर माणसाला वाचवणारा तोच, एमसीबी तेवढ्याशा करंटला पडत नाही. जुन्या घरात एक भानगड असते, अर्थिंगची वायर आलेलीच नसते आणि प्लगच्या आत न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनला जोडलेला असतो. न्यूट्रल कुठं तुटला की गिझरची बॉडी सरळ करंट धरते. साध्या टेस्टरनं हे कळत नाही, प्लगमध्ये खोचायचा तीन दिव्यांचा टेस्टरही याला ठीक दाखवतो.

म्हणूनच इथून पुढं परवानाधारक इलेक्ट्रिशियन. बोर्ड खोलून वायरची जाडी बघणं, अर्थिंग मोजणं, मेगर लावणं, म्हणजे वायरवरचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते मोजणं, ही त्याची कामं. ॲल्युमिनियमची वायर, जुना चिनी मातीचा किटकॅट फ्यूज, आरसीसीबी सारखा पडणं, यातलं काहीही दिसलं तरी त्याला बोलवायला वेळ लावू नका. आणि गावभाग किंवा खणभागात तळमजल्याचा फ्लॅट असेल आणि २०१९ च्या पुराचं पाणी बोर्डापर्यंत चढलं असेल तर मेगर केल्याशिवाय देऊच नका, पाइपातल्या जॉइंटला गंज धरतो आणि तो बाहेरून दिसत नाही. ५०० व्होल्टच्या मेगरला रीडिंग १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाइन बदलायची. येणाऱ्या माणसाला परवाना दाखवा म्हणायला संकोच करू नका, आणि काय मोजलं ते लिहून घ्या.

आमच्याकडे शेवटी गिझरला ४ एमएमची स्वतंत्र वायर ओढून २० चा एमसीबी लावला, इंडक्शनलाही तसंच वेगळं केलं, आणि दीड एमएमच्या जुन्या लाइनवर फक्त मिक्सर ठेवून तिथं १० चा बसवला. वीजबिलावर मंजूर भार किती किलोवॅट आहे तेही बघितलं, तो कमी होता, म्हणून महावितरणकडं वाढवायचा अर्ज केला. भाडेकरू आल्यावर त्यांना डीबीपाशी नेऊन सांगितलं, एमसीबी पडला तर एकदा चढवा, परत पडला तर मला फोन करा, कुणाकडून मोठा बसवून घेऊ नका.