चुन्याची निवळी: विरघळलेला चुना मोजायचा कसा, आणि तो कमी कशाने होतो

चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पाण्यात अगदी थोडा विरघळतो: २५ अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात साधारण दीड ग्रॅम. हा आकडा साध्या अनुमापनाने काढता येतो. त्याच मोजणीत पाण्यात आधीच OH⁻ असेल किंवा तापमान वाढवले तर काय होते, तेही पडताळता येते.

पाणी पाच मिनिटे उकळून, झाकून थंड करा. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याचे कार्बोनेट करतो, म्हणून ही तयारी. अशा ५०० मिलि पाण्यात २ ग्रॅम चुना टाकून बाटली घट्ट बंद करा, अधूनमधून हलवा आणि २५ अंशांवर एक दिवस ठेवा. तळाशी चुना उरलेला दिसलाच पाहिजे, नाहीतर द्रावण संपृक्त झाले असे म्हणता येणार नाही. मग कोरड्या कागदातून गाळा, पहिले २० मिलि टाकून द्या आणि पुढच्या निवळीतले २५ मिलि पिपेटने घ्या. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून ०.१०० मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने गुलाबी रंग जाईपर्यंत अनुमापन करा. निवळी डोळ्यांना घातक आहे. चष्मा लावूनच काम करा.

समजा १०.६ मिलि आम्ल लागले. तर OH⁻ ची संहती १०.६ × ०.१०० ÷ २५ = ०.०४२४ मोलर. प्रत्येक Ca(OH)₂ मागे दोन OH⁻, म्हणून विद्राव्यता s = ०.०२१२ मोलर, म्हणजे लिटरला १.५७ ग्रॅम. रंग गेल्यावर गुलाबी परत येत असेल, तर चुन्याचे बारीक कण कागदातून निसटले आहेत. ते हळूहळू विरघळतात आणि आकडा फुगतो. उलट, निवळीवर पांढरी साय दिसली तर हवा लागली आहे आणि आकडा कमी येणार.

आता या आकड्यांतून गुणाकार काढा: K = [Ca²⁺][OH⁻]² = 4s³ ≈ ३.८ × १०⁻⁵. पुस्तकात मात्र साधारण ५ × १०⁻⁶ सापडते, आणि त्यावरून s काढला तर मोजलेल्याच्या जवळपास निम्मा येतो. यात मोजणीची चूक नाही. पुस्तकातला आकडा आयनांच्या क्रियाशीलतेवर बेतलेला असतो. इतक्या दाट द्रावणात आयन एकमेकांना आवरून धरतात, काही CaOH⁺ म्हणून जोडीने राहतात, आणि त्यामुळे प्रत्यक्षात जास्त चुना विरघळतो. म्हणून पुढच्या हिशोबाला आपलाच K वापरा.

पाण्याऐवजी ०.०५० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घेतले, तर चुन्याला OH⁻ आधीच भरपूर मिळतात. हाच समआयन परिणाम. समीकरण s(0.050 + 2s)² = 3.8 × 10⁻⁵. इथे 2s सोडून देण्याचा मोह टाळा. तो सोडला तर s = ०.०१५ येते, म्हणजे 2s = ०.०३०. ज्याला नगण्य म्हटले तेच ०.०५० च्या निम्म्याहून जास्त निघते. किंमती घालून पाहत गेलात की s ≈ ०.००८५ मिळते, म्हणजे शुद्ध पाण्यातल्याच्या ४० टक्के. २५ मिलि निवळीला सुमारे १६.७५ मिलि आम्ल लागेल, त्यातले १२.५ मिलि सोडियम हायड्रॉक्साइडचे, ते वजा करा.

तापमानाचा परिणाम चुन्याच्या बाबतीत नेहमीच्या उलट आहे. विरघळताना तो उष्णता सोडतो: ΔH सुमारे −१६.७ किलोज्यूल प्रति मोल. त्यामुळे गरम केल्यावर विद्राव्यता घटते.

```
ln(K2/K1) = -(ΔH/R)(1/T2 - 1/T1)
T1 = 298.15, T2 = 333.15, ΔH = -16700, R = 8.314
K2/K1 = 0.49
```

६० अंशांवर K निम्मा होतो, पण s घनमुळात बदलते, म्हणून शुद्ध पाण्यात ती ०.७९ पट राहते: ०.०१६७ मोलर. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तोच K घातला तर s ०.००८५ वरून ०.००५२ वर येते, म्हणजे ०.६१ पट. OH⁻ आधीच ठरलेले असल्याने K मधली घट जास्त थेट s वर पडते. ही गोष्ट दोन्ही परिणाम वेगवेगळे शिकताना सहसा निसटते.

गरम निवळी ६० अंशांवरच, गरम फनेलमधून झटपट गाळा. वाटेत थंड झाली आणि खाली चुना असला, तर तो पुन्हा विरघळतो. गाळून झाल्यावर मात्र बंद बाटलीत थंड करायला हरकत नाही; विद्राव्यता वाढत असल्याने साका पडत नाही. थंड होताना आकारमान सुमारे १.४ टक्के आकसते, तेवढी दुरुस्ती करा. ८० अंशांच्या पुढे मात्र या सूत्रावर विसंबू नका: ΔH तापमानाबरोबर बदलतो, आणि प्रत्यक्ष विद्राव्यता हिशोबापेक्षा कमी निघते.