१८ टक्क्यांवर बंद पडलेला फोन आणि अकराचा पेपर: या चुका टाळा

२०२१ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. कॉलेजं बंद, माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकानही बंद, परीक्षा मात्र घरोघरी फोनवर सुरू होत्या. सकाळी सव्वादहाला माझ्या भाचीचा, गौरीचा फोन आला, तोही तिच्या दादाच्या नंबरवरून.

"मामा, माझा फोन बंद पडलाय. अकराला कॉस्टिंगचा पेपर आहे. १८ टक्के चार्जिंग होतं, कॅमेरा चालतो का बघत होते आणि एकदम काळा झाला. आता चार्जरला लावलाय, पण काहीच दिसत नाही."

ती बोलत होती तेव्हा मागून आईचा आवाज येत होता, "अगं, बटण दाब ना जोरात!" दुकानात रोज ऐकतो ते हेच. त्यामुळे मी आधी दुसरंच विचारलं, "फोनची पाठ फुगलीय का? झाकण कुठं उचललंय? हाताला भाजतोय का?" यातलं काहीही असतं तर तो फोन चार्जरवरून काढून मोकळ्या जागी ठेवायला सांगितलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. फुगलेल्या बॅटरीला चार्जर लावायचा नाही, मग पेपर कुठलाही असो. गौरीनं बघितलं आणि म्हणाली, पाठ सपाट आहे, फोन कोमट आहे.

बटण दाबत बसणं

बॅटरी पार उतरली की चार्जर लावल्यावर पहिली काही मिनिटं स्क्रीनवर काही दिसत नाही. चार्जिंग अगदी हळू आत जात असतं, पण बॅटरीचं चित्र दाखवण्याइतकाही जोर नसतो. अशा वेळी माणूस दर दहा सेकंदांनी बटण दाबतो. फोन चालू व्हायची धडपड करतो, आत गेलेलं थोडंसं चार्जिंग त्यात खर्च होतं आणि तो पुन्हा बंद पडतो. हे चक्र अर्धा तास चालवून, "डिस्प्ले गेला" म्हणत दुकानात आलेली माणसं मी पाहिली आहेत.

"दहा मिनिटं बटणाला हात लावायचा नाही," मी सांगितलं. "भिंतीवरच्या घड्याळात बघ. दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांपर्यंत."

ती दहा मिनिटं तिनं वाया घालवली नाहीत. तीच केबल आणि तोच चार्जर तिनं दादाच्या फोनला लावून बघितला. चार्जिंगचं चिन्ह लगेच आलं, म्हणजे बोर्ड, चार्जर आणि केबल तिन्ही ठीक. एवढी एक गोष्ट केली की निम्मे संशय मिटतात. मग दादाच्या फोनचा टॉर्च लावून तिनं आपल्या फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बघितलं. कोपऱ्यात कापसासारखा धुळीचा गोळा होता. खिशात आणि पर्समध्ये राहणाऱ्या फोनमध्ये तो साठतोच. केबल वरवर बसल्यासारखी वाटते, पण शेवटपर्यंत आत जात नाही. कोरड्या लाकडी दातकोरणीनं, कडेकडेनं तो उचलायचा. सुई, सेफ्टी पिन असलं काही नको. टाइप-सीच्या खाचेत मधोमध जी पातळ पट्टी असते, ती वाकली की फोनचा चार्जिंगशी संबंध संपला.

लॅपटॉपला जोडून चार्ज करायचा विचार तिच्याही मनात आला होता. लॅपटॉपचं साधं यूएसबी तोंड बऱ्याचदा अर्धा अँपिअरच देतं. भिंतीवरच्या चार्जरच्या मानानं ते फारच कमी. घाईच्या वेळी त्याचा उपयोग नाही.

गोळा काढून केबल नीट बसवल्यावर दहा वाजून सव्वीस मिनिटांनी बॅटरीचं चित्र उगवलं. ते उगवलं नसतं तर आणखी एक उपाय होता. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र वीसेक सेकंद धरून ठेवायचं. बरेच अँड्रॉइड फोन त्यानं सक्तीनं पुन्हा सुरू होतात. पण हा उपाय अडकलेल्या फोनसाठी आहे. बॅटरीत दमच नसेल तर ही बटणं दाबून काही होत नाही.

चालू झाला म्हणजे वाचलो, हा समज

फोन चालू झाला. ३ टक्के. घरात सगळे खूश. मी म्हटलं, "चार्जरला लावलेलाच ठेव आणि कॅमेरा उघड." तिनं उघडला आणि फोन परत काळा.

बॅटरी जुनी झाली की तिच्या आतला विरोध वाढतो. नुसतं गाणं ऐकताना ती नीट चालते. पण कॅमेरा, पूर्ण उजेडातली स्क्रीन आणि नेट असं सगळं एकदम मागायला लागलं की व्होल्टेज धपकन खाली येतं आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. वर दिसणारे १८ टक्के हा फोनचा अंदाज असतो आणि म्हाताऱ्या बॅटरीबाबत तो अंदाज चुकतो. परीक्षेत कॅमेरा दीड तास चालू राहणार होता. जो फोन चार्जरवर असताना दहा सेकंदही टिकत नाही, तो दीड तास काय टिकणार?

साडेदहा वाजले होते. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मामा, ह्याचा नाद सोडते. सिम काढते."

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त कौतुक ह्याचं वाटलं. परीक्षेला लागतो तो तुमचा नंबर, कारण लॉगिनचा ओटीपी त्यावर येतो. हँडसेट कुणाचाही चालतो. लोक पावणेअकरापर्यंत मेलेल्या फोनची सेवा करत बसतात आणि मग सिमसाठी पळापळ होते.

सिमच्या भोकाऐवजी माइकचं भोक

सिमचा ट्रे काढायची पिन वेळेवर कुणाच्याच घरी सापडत नाही. कानातल्याची बारीक तार किंवा सरळ केलेली कागदाची यू-पिन चालते. पण फोनच्या कडेला आणखी एक बारीक भोक असतं, ते माइकचं. घाईत तिथं पिन खुपसली की पुढं महिनाभर समोरच्याला तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. सिमचं भोक ट्रेच्या पट्टीवरच असतं आणि त्या पट्टीभोवती नखाला लागेल अशी फट असते. फट नसेल तर ते भोक सिमचं नाही.

दादाच्या फोनमध्ये दोन सिमची सोय होती. तरी आमचं बोलणं आईच्या फोनवर घेऊन मी दादाचं सिम काढायला लावलं. त्याला राग आला, पण त्याचे मित्र दिवसाला चाळीस फोन करतात. दुसरं असं की दोन सिम असली की नेट कुठल्या सिमवर चालू आहे याचा घोळ होतो. नवं सिम घातल्यावर सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल डेटा त्याच सिमवर चालू आहे ना, हे बघावं लागतं. बघितलं नाही तर रेंजच्या चारही दांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही.

रेंज आल्यावर आईच्या फोनवरून गौरीच्या नंबरवर एक साधा एसएमएस पाठवायला सांगितलं. तो आला, म्हणजे ओटीपीही येणार. एका मिनिटाचं काम आहे, पण पुढं ओटीपी आला नाही तर दोष सिमचा की परीक्षेच्या साइटचा, हे ओळखायला तेच उपयोगी पडतं.

इथं तिची एक चूक होता होता राहिली. कॉलेजनं लिंक ईमेलवर पाठवली होती, म्हणून ती दादाच्या फोनवर आपलं जीमेल उघडायला गेली. दुहेरी सुरक्षा चालू असली की गूगल विचारतं, "हे तुम्हीच का?" आणि तो प्रश्न जातो जुन्या फोनवर, म्हणजे जो काळा पडून आहे त्याच्यावर. अशा वेळी Try another way दाबलं की नंबरवर एसएमएसनं कोड मागवता येतो, पण तो पर्याय आधी नोंदवलेला असला तरच. गौरीनं तो रस्ताच सोडला. लिंक सगळ्यांना एकच होती. मैत्रिणीला फोन करून तिनं ती आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली आणि दादाच्या फोनमध्ये हातानं टाइप केली. पीआरएन नंबर आणि पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला होता. फोनमधल्या नोट्समध्ये असता तर तोही फोनबरोबर गेला होता.

आपलं व्हॉट्सअ‍ॅप मात्र दादाच्या फोनवर चालू करू नका. त्यात वेळ जातो, जुन्या फोनवरचं लॉगिन सुटतं आणि परीक्षेला त्याचा काडीचा उपयोग नाही.

कॉलेजला पेपर संपल्यावर कळवणं

दहा चाळीसला तिनं परीक्षेच्या मदत क्रमांकावर फोन केला. तो लागला नाही, म्हणून विभागातल्या सरांना एसएमएस केला: नाव, पीआरएन, विषय, पेपरची वेळ, "माझा फोन बंद पडला आहे, भावाच्या फोनवरून त्याच नंबरने लॉगिन करत आहे." एवढंच. पेपर सुरू व्हायच्या आधीची वेळ त्या एसएमएसवर उमटली, हे महत्त्वाचं. काही परीक्षांच्या साइट सरावाच्या वेळचा फोन लक्षात ठेवतात आणि दुसऱ्या फोनवर "आधीच लॉगिन आहे" म्हणून अडवतात. ते फक्त कॉलेजच्या बाजूनंच मोकळं करता येतं. म्हणून जुना फोन मध्येच चालू झाला, तरी त्यावर पान उघडून बघायचा मोह नको.

कॅमेऱ्याची परवानगी अँड्रॉइडवर दोनदा द्यावी लागते: एकदा फोननं ब्राउझरला, एकदा ब्राउझरनं साइटला. घाईत "नाही" दाबलं गेलं असेल तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून Permissions मध्ये ती बदलता येते. गौरीचं पहिलं पान काळंच आलं ते यामुळं. दादाचं सिम काढलेलं असलं तरी त्याचं व्हॉट्सअ‍ॅप तिच्या नेटवर चालूच होतं. मी ते सेटिंगमधून Force stop करायला लावलं. पेपर चालू असताना व्हिडिओ कॉल स्क्रीनवर आला की काही साइट त्याला पान सोडून गेल्यासारखं धरतात.

दहा सत्तावन्नला लॉगिन झालं. फोन ठेवायच्या आधी मी एकच सांगितलं. उत्तराच्या गोलावर टिचकी मारून भागत नाही, Save & Next दाबल्याशिवाय बहुतेक साइटवर ते उत्तर साठत नाही. नेट गेलं आणि परत आलं तरी साठलेली उत्तरं तिथं सापडतात. घड्याळ मात्र पुष्कळदा पुढं पळतच राहतं.

पेपर संपल्यावर तिनं दादाच्या फोनवरून लॉगआउट केलं, ब्राउझरनं साठवलेला पासवर्ड पुसला आणि दादाचं सिम त्याला परत दिलं. दुकान उघडल्यावर तो काळा फोन माझ्याकडं आला. चार वर्षांची बॅटरी होती. ती बदलली, चार्जिंगची खाच साफ केली आणि पैसे सांगितले.

"हे दादाच देईल," गौरी म्हणाली. "रात्रभर हॉटस्पॉट त्यालाच हवा होता."