व्याजदर उतरण्याआधी एफडी करताना
व्याजदर उतरायची चिन्हं असतील तर वर्षाची एफडी महागात पडते, कारण नूतनीकरणाला कमी दर पदरात पडतो. तीन वर्षं न लागणारे पैसे आजच्याच दराने तीन वर्षांसाठी ठेवा. पण एकच पावती नको, चार करा. अडचणीला एकच मोडावी लागेल.

मोडल्यावर मात्र ठरलेला दर मिळत नाही. समजा, ठेवीच्या दिवशी तीन वर्षांचा दर ७ टक्के आणि वर्षाचा ६.५ होता. वर्षाने मोडलीत तर बहुतेक बँका ६.५ धरतात. त्यातून १ टक्का दंड गेला तर हाती ५.५ उरतात. दंड किती आणि मुदतीआधी मोडता येते का, हे सही करण्याआधी विचारा. काही एफडी मोडताच येत नाहीत.