सहकारी पाठलाग करतो, धमकी देतो: आधी समिती की आधी पोलीस?

ऑफिसातल्या छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे करायची, हे आता बऱ्याच जणींना ठाऊक आहे. पण तोच माणूस घरापर्यंत मागे येत असेल किंवा मारण्याची भाषा करत असेल, तर आधी पोलीस ठाणे गाठा. समितीकडे नंतर किंवा सोबतच जाता येतं. एका तक्रारीमुळे दुसरी बंद होत नाही. पोलिसांत जायला एचआरची परवानगीही लागत नाही.

आधी पोलीस का? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखालच्या नियमांनुसार तुमच्या तक्रारीची एक प्रत समितीला 7 कामकाजी दिवसांत त्या माणसाला द्यावी लागते. चौकशीला 90 दिवसांपर्यंत मुदत असते. म्हणजे तक्रार झाल्याचं त्याला लगेच कळतं, आणि समिती ना त्याला अटक करू शकते, ना तुमच्या जिन्यात उभं राहण्यापासून अडवू शकते. टोमणे आणि घाणेरड्या विनोदांपुरती गोष्ट असेल तर ही पद्धत चालून जाते. जिवाची भीती असेल तर हे मधले दिवसच सर्वात धोक्याचे.

समजा, हिंजवडीतल्या एका तरुणीला सहकारी सारखा भेटायला बोलावतो. ती लिहून कळवते, "मला यात रस नाही. कामाशिवाय मेसेज करू नका." त्यानंतर तो दोनदा तिच्या कॅबमागे बाइकवर येतो, सोसायटीच्या गेटसमोर उभा राहतो, वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करतो. मग मेसेज येतो: "दुसऱ्या कोणाबरोबर दिसलीस तर बघून घेईन." एचआर म्हणतं, आधी आपसात मिटवून बघू. इथे थांबायचं नाही. कामाचा संबंध नसलेल्या जागी तो दिसू लागला आणि शरीराला इजा करण्याचा इशारा आला, एवढं पोलिसांत जायला पुरेसं आहे. तो त्या क्षणी दाराशी असेल तर लेखी अर्जाचा विचारही न करता 112 ला फोन करा.

तिने पाठवलेला तो नकाराचा मेसेज फार मोलाचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार, स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही वारंवार मागे जाणं किंवा संपर्क साधणं हा पाठलागाचा गुन्हा ठरतो. तिच्या इंटरनेट किंवा ईमेल वापरावर पाळत ठेवणंही त्यातच येतं. म्हणून नकार एकदाच, लेखी आणि कारणं न देता कळवा. मात्र धमकी आधीच आली असेल तर नकार लिहीत बसू नका. मेसेज पुसू नका. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ फोन जपून ठेवा. गेटवरचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा ते राखून ठेवण्याचं पत्र सोसायटीच्या सचिवांना त्याच दिवशी द्या.

ठाण्यात बऱ्याच जणी इथे अडकतात: "त्याने धमकी दिली" एवढंच सांगितलं की नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेऊन परत पाठवलं जातं. पाठलाग दखलपात्र आहे, त्यात एफआयआर व्हायला हवा. म्हणून अर्जात नकाराची तारीख आधी लिहा. मग तो कुठे, कधी, कसा मागे आला ते क्रमाने लिहा आणि धमकीचे शब्द जसेच्या तसे उतरवा. "तो त्रास देतो" अशा मोघम वाक्याने काही साधत नाही. कलम 78 ची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्याने नोंदवायची असते. हद्दीचा वाद निघाला तर झिरो एफआयआरची मागणी करा. ती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. सही करण्यापूर्वी सगळं वाचा, प्रत मोफत मिळते. नोंद करायला नकार दिला तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, टपालाने पाठवा. तरीही हालचाल झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

कलम 78 फक्त स्त्रियांसाठी आहे. पुरुषाला अशी धमकी आली तर त्याच संहितेच्या धमकीबद्दलच्या कलम 351 खाली तक्रार करता येते.

पहिल्यांदा केलेला पाठलाग जामीनपात्र आहे, म्हणून तो लवकरच बाहेर येईल हे धरून चाला. आता समितीचा खरा उपयोग होतो. समितीकडे तक्रार करा आणि चौकशी सुरू असेपर्यंत त्याची बदली किंवा स्वतःसाठी 3 महिन्यांपर्यंतची रजा लेखी मागा. कंपनीला एफआयआरचा क्रमांक कळवा, त्याचं प्रवेश कार्ड बंद करायला सांगा, कॅबची वेळ आणि मार्ग बदलून घ्या. पोलिसांतल्या तक्रारीसाठी तुम्हाला मदत करणं हे कायद्याने कंपनीचं कर्तव्य आहे. त्यानंतर त्याचा एक जरी फोन आला, तरी उत्तर न देता तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच घ्या.